कमी ब्राइटनेसवर मोबाईल पाहताना डोके दुखते: पडद्याची न दिसणारी लुकलुक कशी ओळखावी आणि कशी टाळावी

लातूरमधील माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या पाच-सहा वर्षांपासून एक तक्रार सतत येते, आणि ती घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा ओशाळलेला असतो, कारण दाखवण्यासारखे त्याच्या फोनमध्ये काहीच बिघडलेले नसते. पडदा फुटलेला नसतो, टच नीट चालतो, रंगही जागेवर असतात; पण रात्री फोन हातात घेतला की थोड्या वेळाने डोके दुखू लागते. "आधीच्या फोनला असं होत नव्हतं," हे वाक्य त्या तक्रारीत हमखास असते. सुरुवातीच्या काळात मी ही गोष्ट हसण्यावारी नेत असे. एका गिऱ्हाइकाला तर मी चांगला चालणारा फोल्डर, म्हणजे काच आणि टचसकट अख्खा पडदा, बदलून दिला, त्याचे पैसे घेतले, आणि आठच दिवसांनी तो माणूस तीच तक्रार घेऊन परत आला. फोल्डर जुना असो वा नवा, त्या फोनचा पडदा मंद करण्याची पद्धत तीच राहणार होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

लक्षणे

कपाळावर किंवा डोळ्यांच्या मागे दाब जाणवू लागतो, आणि तो फोन हातात घेतल्यापासून साधारण पंधरा ते चाळीस मिनिटांत सुरू होतो. काहींना त्याबरोबर मळमळते, काहींना ओळ वाचताना अक्षरे किंचित थरथरल्यासारखी वाटतात. हा त्रास ब्राइटनेस कमी असताना आणि अंधारात जास्त होतो. दुपारी उन्हात तोच फोन तासभर पाहिला तरी काही होत नाही. फोन बाजूला ठेवल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत दुखणे ओसरते. घरातल्या दुसऱ्या फोनवर तेवढाच वेळ वाचले तर त्रास होत नाही, हे या सगळ्यातील सर्वांत बोलके लक्षण होय. आणि त्याच फोनवर घरातील बाकीच्या माणसांना काहीच होत नाही, त्यामुळे ज्याला त्रास होतो त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पडदा उघड्या डोळ्यांना लुकलुकताना दिसत असेल, मध्येच हिरवट होत असेल, किंवा फोन किंचित दाबल्यावर चित्र हलत असेल, तर तो वेगळा आजार आहे. तिथे कनेक्टर सैल झालेला असतो, पाणी गेलेले असते किंवा पडद्याची पट्टी दुमडलेली असते. तो फोन सरळ दुरुस्तीला द्यावा. पुढील मजकूर त्याच्यासाठी नाही.

पडदा मंद होतो तेव्हा नेमके काय होते

पिकाला निम्मे पाणी द्यायचे असेल तर दोन मार्ग असतात. कॉक अर्धा फिरवून धार बारीक करावी, किंवा धार पूर्ण ठेवून मोटर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशी चालवावी. पडद्याचा प्रकाश कमी करण्याचेही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात वीजप्रवाह कमी केला जातो. त्याला मोबाईलच्या बाजारात डीसी डिमिंग म्हणतात. दुसऱ्यात प्रवाह तेवढाच ठेवून पडद्याचे ठिपके एका सेकंदात शेकडो वेळा पेटवले आणि विझवले जातात, आणि पेटलेला वेळ कमी केला की डोळ्याला पडदा मंद झाल्यासारखा वाटतो. ही दुसरी पद्धत म्हणजे पीडब्ल्यूएम.

बऱ्याच ओएलईडी फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला २४० वेळा होते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ४.२ मिलिसेकंद मिळतात. ब्राइटनेस इतका खाली आणला की ठिपका फेऱ्यातील चौथाई वेळच पेटलेला राहतो, तर तो साधारण एक मिलिसेकंद पेटतो आणि तीन मिलिसेकंदांहून किंचित अधिक काळ काळा राहतो. यातील कळीची बाब अशी की पेटलेल्या त्या एका मिलिसेकंदात तो मंद नसतो; पूर्ण तेजानेच पेटतो. डोळ्यांना आराम मिळावा म्हणून आपण ब्राइटनेसची पट्टी खाली ओढतो आणि प्रत्यक्षात प्रकाश व अंधार यांतील झटका अधिक तीव्र करतो.

कंपन्या हे हौसेने करत नाहीत. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर वीज पुरवतो आणि असे लाखो ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे बनवणे शक्य नसते. प्रवाह भरपूर असताना त्यांच्यातील फरक झाकला जातो, पण प्रवाह अगदी कमी केला की राखाडी रंगावर डाग, पट्टे आणि हिरवट किंवा गुलाबी झाक दिसू लागते. ती टाळण्यासाठी प्रवाह तसाच ठेवून वेळ कापला जातो. जुन्या एलसीडी पडद्यामागे मात्र पांढऱ्या एलईडींची बत्ती असते आणि तिचा प्रवाह कमी करणे सोपे असते, म्हणून पुष्कळ एलसीडी फोनमध्ये हा प्रश्न येत नाही. पुष्कळ म्हणतो, सगळ्या नाही. एलसीडीची बत्तीही उघडझाप करून मंद करणारे फोन माझ्या हातून गेले आहेत.

सेकंदाला २४० वेळा होणारी उघडझाप स्थिर नजरेला दिसत नाही. परंतु वाचताना नजर स्थिर नसते. ती एका शब्दसमूहावरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते, आणि अशा उडीच्या दरम्यान लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा एकसंध पट्टा न उमटता तुटक ठिपक्यांची रांग उमटते. संशोधक आर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की नजरेच्या उडीत सेकंदाला एक हजाराहून अधिक वेळा होणारी लुकलुकही माणसाला जाणवू शकते. त्याआधी १९८९ मध्ये त्यांनीच कार्यालयातील ट्यूबलाइटचा अभ्यास केला होता. जुन्या लोखंडी चोकची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त पेटते. तिच्या जागी अतिवेगाने चालणारा इलेक्ट्रॉनिक चोक बसवल्यावर डोकेदुखी व डोळ्यांच्या ताणाचे सरासरी प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. खोलीत कोणालाही लुकलुक दिसत नव्हती. त्यामुळे "दिसत नाही तर त्रास कसा होईल" हा प्रश्न मी आता गिऱ्हाइकाला विचारत नाही.

एक आकडा उपयोगी पडतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एलईडी दिव्यांसाठी २०१५ मध्ये एक शिफारस केली. तिच्यानुसार लुकलुकीचा वेग हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा असा, घेऊन त्याला ०.०८ ने गुणावे. जितके उत्तर येईल तितक्या टक्क्यांपर्यंतचा चढउतार कमी जोखमीचा समजावा. २४० ला ०.०८ ने गुणले तर सुमारे १९ टक्के येतात. पडद्याचा ठिपका मात्र जवळजवळ पूर्ण विझतो, म्हणजे चढउतार शंभर टक्क्यांच्या आसपास जातो. वेग १२५० हर्ट्झच्या वर गेला की हीच शिफारस शंभर टक्के चढउतारालाही कमी जोखमीचा मानते, आणि काही कंपन्या १९२०, २१६० किंवा ३८४० हर्ट्झ असे आकडे जाहिरातीत मिरवतात त्याचे कारण यातच आहे. अर्थात ही शिफारस खोलीतील दिव्यांसाठी आहे. ओएलईडी पडदा एकदम सगळा विझत नाही, काळे पट्टे त्यावरून वरून खाली सरकत जातात. म्हणून हा आकडा निकाल न मानता अंदाज मानावा.

पहिली तपासणी: तीन रात्रींची नोंद

या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक लोक ती करत नाहीत. पहिल्या रात्री नेहमीप्रमाणे अंधारात, कमी ब्राइटनेसवर वाचावे. दुसऱ्या रात्री तोच मजकूर, तेवढ्याच अंतरावरून, खोलीतील दिवा लावून आणि ब्राइटनेस ७० टक्क्यांवर ठेवून वाचावा. तिसऱ्या रात्री घरातील दुसऱ्या फोनवर, पहिल्या रात्रीसारख्याच अंधारात वाचावे. सुरुवात किती वाजता केली आणि दुखणे किती मिनिटांनी सुरू झाले, एवढेच कागदावर लिहावे.

फक्त पहिल्या रात्री दुखले तर लुकलुकीचा संशय पक्का होतो. तिन्ही रात्री दुखले तर फोनमध्ये कारण शोधत बसू नये, सरळ डोळे तपासून घ्यावेत. ही नोंद आधी करायची ती याचसाठी, की पुढच्या तपासणीत कॅमेऱ्यातून पडद्यात पट्टे दिसले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. पट्टे तर लक्षावधी फोनमध्ये आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या मालकांना काहीच होत नाही.

दुसरी तपासणी: पेन आणि दुसऱ्या फोनचा कॅमेरा

खोलीत अंधार करावा, फोनवर कोरे पांढरे पान उघडावे आणि ब्राइटनेस अगदी खाली आणावा. आता पडदा आणि डोळे यांच्या मध्ये एक पेन आडवा-उभा झपाट्याने हलवावा. प्रकाश स्थिर असेल तर पेनाची धूसर, सलग सावली दिसते. लुकलुक असेल तर एकाच्या जागी अनेक पेन, फणीच्या दातांसारखे वेगवेगळे दिसतात. पेन सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरत असेल आणि लुकलुक २४० हर्ट्झ असेल तर दोन दातांत सुमारे आठ मिलिमीटर अंतर पडते, ते सहज दिसते. लुकलुक १९२० हर्ट्झ असेल तर तेच अंतर एका मिलिमीटरवर येते आणि दात एकमेकांत मिसळून जातात.

कॅमेऱ्याने अधिक नेमके कळते. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड घ्यावा, शटर १/२००० किंवा १/४००० सेकंदावर ठेवावे आणि पांढरा पडदा पाहावा. ऑटो मोडवर विसंबू नये, कारण तिथे कॅमेरा शटर लांबवून पट्टे पुसून टाकतो. स्लो मोशन व्हिडिओवरही विसंबू नये. सेकंदाला २४० चित्रे घेणारा व्हिडिओ आणि २४० हर्ट्झची लुकलुक एकमेकांशी जुळली तर पट्टे जागेवर थिजलेले किंवा फारच संथ सरकताना दिसतात आणि माणूस फसतो.

दिसणाऱ्या चित्राचा अर्थ असा लावावा. जाड काळे पट्टे आणि त्यांच्यामध्ये अरुंद उजळ जागा असेल तर पेटलेला वेळ कमी आणि लुकलुक खोल आहे. केसासारख्या बारीक, दाट रेषा असतील तर लुकलुकीचा वेग बराच जास्त आहे. एकच फिकट रेषा पडद्यावरून सरकत असेल तर ती चित्र ताजे होतानाची किंचित घट असते; ती जवळजवळ प्रत्येक ओएलईडीत असते आणि तिच्यामुळे त्रास झाल्याचे मी फार थोड्यांकडून ऐकले आहे.

आता कॅमेरा तसाच धरून ब्राइटनेसची पट्टी सावकाश वर न्यावी. बऱ्याच फोनमध्ये एका ठिकाणी जाड पट्टे आक्रसून एकच बारीक रेषा उरते. त्या फोनचा उंबरठा तोच. तो टक्क्यांत लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा उपाय त्या आकड्यावर उभा आहे. काही फोनमध्ये पट्टे शंभर टक्क्यांपर्यंत कायम राहतात. अशा फोनमध्ये घरगुती उपायांना मर्यादा आहे, हे तिथेच समजून घ्यावे.

तिसरी तपासणी: खोलीतला दिवा

ही तपासणी मी एका विद्यार्थिनीमुळे शिकलो. औसा तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले होते. मुलगी लातुरात वसतिगृहात राहून नीटची तयारी करत होती. "मोबाईलवर नोट्स वाचायला बसली की लेकराचं डोस्कं दुखायलंय हो. नवा घेऊन दोन महिने बी झाले नाहीत," असे ते म्हणाले. खोलीतील मैत्रिणी झोपल्यावर ती रात्री अकरानंतर ब्राइटनेस तळाला नेऊन पीडीएफ वाचत असे आणि पंचवीस-तीस मिनिटांत कपाळ जड होत असे. जुन्या एलसीडी फोनवर तिने वर्षभर असेच वाचले होते आणि तिला काही झाले नव्हते.

दुकानाचे शटर अर्धे ओढून, दिवे बंद करून आम्ही तिचा फोन कॅमेऱ्यासमोर धरला. तळाच्या ब्राइटनेसवर काळा भाग उजळ भागाच्या साधारण तिप्पट होता, म्हणजे पेटलेला वेळ चौथाईच. पट्टी ६५ टक्क्यांवर नेल्यावर बारीक रेषा उरली. पुढच्या परिच्छेदांत सांगितलेली सेटिंग करून मी तिला पाठवून दिले आणि हे प्रकरण मिटले असे समजलो. आठवड्याने फोन आला: "काका, आता पाऊण तास वाचता येतं, पण त्यानंतर दुखतंच."

तिला मी तिच्या टेबलावरचा चार्जिंगचा दिवा घेऊन यायला सांगितले. बोटाने दाबून तीन टप्प्यांत कमी-जास्त होणारा तो स्वस्त दिवा होता आणि ती तो सर्वांत मंद टप्प्यावर लावत असे. कॅमेऱ्यात त्याचा प्रकाश फोनपेक्षाही वाईट तुटत होता. असे दिवेही उघडझाप करूनच मंद केले जातात. पूर्ण टप्प्यावर मात्र पट्टे नाहीसे झाले, कारण तिथे दिवा विझतच नाही. तिने तो पूर्ण टप्प्यावर लावून भिंतीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे मैत्रिणींच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही आणि खोलीत मंद, स्थिर प्रकाश राहील, असे ठरले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तिला एकदाच त्रास झाला, तोही रविवारी पाच तास सलग वाचल्यावर. त्याचा विषय पुढे येईल.

घरातील एलईडी बल्बही याच रीतीने कॅमेऱ्यात पाहून घ्यावा. स्वस्त बल्बमध्ये प्रकाश सपाट ठेवणारा कपॅसिटर लहान असतो किंवा उष्णतेने निकामी होतो, आणि मग तो बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. भिंतीवर पडलेला त्याचा उजेड १/२००० शटरवर पट्ट्यापट्ट्यांचा दिसला तर तो बदलावा. नवा फोन घेण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

चौथी तपासणी: सेटिंग

आधी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये लुकलुक कमी करणारा पर्याय आहे का ते पाहावे. कंपनीनुसार त्याचे नाव बदलते. Anti-flicker, Flicker prevention, DC dimming अशा नावांनी तो सापडतो. आयफोन १७ मालिकेत Display & Text Size या पानावर Display Pulse Smoothing नावाचा पर्याय आहे. पर्याय चालू केल्यावर कॅमेऱ्याने पुन्हा पाहावे. पट्टे कमी झाले तर पर्याय खरा. तसेच राहिले तर त्या फोनमध्ये तो आपल्या कामाचा नाही.

हा पर्याय चालू केल्यावर कमी ब्राइटनेसवर राखाडी रंग डागाळलेला किंवा हिरवट दिसू शकतो. "दादा, डिस्प्ले खराब झाला" म्हणून लोक धावत येतात. तो खराब झालेला नसतो. वर सांगितलेला ट्रान्झिस्टरांतील फरक उघडा पडलेला असतो, आणि दुखणारे डोके की डागाळलेला राखाडी यांत काय सोसायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

असा पर्याय नसेल तर ज्या उपायाने माझ्याकडील निम्म्याहून अधिक तक्रारी मिटल्या तो करावा. Adaptive brightness बंद करावे, नाहीतर फोन अंधार ओळखून पट्टी परत खाली ओढतो. ब्राइटनेस आपण लिहून ठेवलेल्या उंबरठ्याच्या किंचित वर कायम ठेवावा. मग पडद्यावर जणू काळी काच चढवावी: अँड्रॉइडमध्ये Accessibility मध्ये Extra dim, आयफोनमध्ये ही वाट.

```
Settings > Accessibility > Display & Text Size > Reduce White Point
```

यात ठिपक्यांच्या उघडझापीला हात न लावता चित्रातील पांढराच राखाडी केला जातो, म्हणून पडदा मंद होतो आणि लुकलुक वाढत नाही. त्या मुलीच्या फोनमध्ये पट्टी ६५ टक्के आणि Extra dim निम्म्यावर ठेवले होते. काही नव्या फोनमध्ये मात्र Extra dim चालू केल्यावर खरी ब्राइटनेसही उतरते. तसे होते का, हे कॅमेरा एका क्षणात सांगतो. या उपायात अंधाऱ्या चित्रातील बारकावे थोडे हरवतात आणि दुपारी उन्हात Extra dim बंद करायला विसरले तर पडद्यावर काही दिसत नाही.

डार्क मोडने लुकलुकीचा वेग बदलत नाही. त्याने पडद्यावरील उजळ भाग कमी होतो आणि काहींना तेवढ्याने बरे वाटते. पण काळ्यावरील पांढरी अक्षरे नजरेच्या उडीत अधिक ठळक तुटतात, असे सांगणारेही मला भेटले आहेत. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचा या दुखण्याशी संबंध नाही. लुकलुक रंगात नसते, वेळेत असते.

पाचवी तपासणी: डोळे

सेटिंग बदलून दहा दिवसांनी त्रास अर्धाच कमी झाला असेल तर उरलेला अर्धा बहुधा डोळ्यांत असतो. त्या मुलीच्या रविवारच्या दुखण्यामुळे मी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितले, आणि तिला लहानसा सिलिंड्रिकल नंबर निघाला. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकावर तो नंबर कधी जाणवला नव्हता. पीडीएफच्या बारीक अक्षरांनी तो उघड केला. चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकांना तर मी ही तपासणी सेटिंगच्याही आधी सांगतो. जवळचे दिसणे त्याच वयात कमी होते, माणूस फोन लांब धरतो, अंधारात वाचतो आणि दोष पडद्याला देतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील नेत्र विभागात ही तपासणी अगदी कमी खर्चात होते.

सहावी तपासणी: बदललेला फोल्डर

त्रास फोल्डर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर ही तपासणी वर आणावी. महागड्या ओएलईडी फोल्डरऐवजी बाजारात त्याच फोनसाठी स्वस्त एलसीडीचा कॉपी फोल्डर मिळतो. फोन ओएलईडीसाठी बनलेला असतो, आणि त्या कॉपीतील बत्ती मंद करण्याची व्यवस्था अनेकदा ओबडधोबड असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पूर्ण काळे चित्र अंधारात पाहावे. ओएलईडीत काळा भाग खरोखर विझलेला असतो. कॉपीत तो राखाडी उजळतो, आणि पडद्याखालचे बोटाचे सेन्सर असेल तर ते सहसा चालत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला कोणत्या प्रतीचा फोल्डर टाकला हे बिलावर लिहून मागावे.

मूळ फोल्डर शाबूत असेल तर तो बदलून काही उपयोग नाही. तोच प्रकार, तोच वेग परत बसतो. ज्या दुकानदाराने फोल्डर बदलून डोकेदुखी जाईल असे सांगितले त्याला हा प्रश्न समजलेला नाही. मलाही एके काळी समजला नव्हता.

शेवटचा आणि खर्चिक मार्ग म्हणजे फोन बदलणे. त्या वेळी जाहिरातीतील हर्ट्झच्या आकड्यावर न थांबता स्वतःचा जुना फोन घेऊन दुकानात जावे आणि नव्या फोनचा पडदा तळाच्या, चौथाईच्या आणि निम्म्या ब्राइटनेसवर १/४००० शटरने पाहावा. मोठा आकडा काही फोनमध्ये ठरावीक ब्राइटनेसच्या खालीच लागू असतो, तर वरच्या टप्प्यावर वेगळी पद्धत चालते. रिफ्रेश रेट १२० हर्ट्झ आहे, हे ऐकून भुलू नये. तो चित्र बदलण्याचा वेग आहे, प्रकाशाच्या उघडझापीचा नाही. शक्य झाल्यास तसाच फोन असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडून एक रात्र मागून आणावा आणि त्यावर अर्धा तास वाचून पाहावे. कॅमेऱ्यापेक्षा स्वतःचे कपाळ अधिक खरे बोलते.

कुठे थांबावे

फोन उघडून पडद्याची लुकलुक बदलता येत नाही. ती पडद्याच्या चालक चिपमध्ये आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेली असते. प्ले स्टोअरवरील अॅप फार तर काळी काच चढवतात, आणि फोन रूट करून प्रयोग करण्याचा सल्ला मी कोणाला देत नाही. सेटिंगपर्यंतचे उपाय करून दोन आठवडे झाले आणि फरक पडला नाही, तर फोनवर आणखी पैसा घालू नये.

पुढील गोष्टींत मात्र दोन आठवडे थांबायचेही नाही आणि मोबाईलच्या दुकानातही यायचे नाही, डॉक्टरांकडे जायचे. डोके एकाएकी आणि पूर्वी कधी दुखले नव्हते इतके जोरात दुखले. दोन-दोन दिसू लागले किंवा नजर गेली. बोलणे अडखळले, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली. तापाबरोबर मान ताठ झाली. डोळा लाल होऊन दुखतो आणि दिव्याभोवती वलय दिसते. डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे सुरू झाले. तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, सकाळी उठताच उलटीसह होणारी डोकेदुखी आणि फोन न पाहताही आठवड्यातून अनेकदा होणारी डोकेदुखी यांचाही पडद्याशी संबंध जोडू नये. घरात अर्धशिशी किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. अर्धशिशी असणारे लोक लुकलुकत्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात.

जाताना तीन रात्रींच्या नोंदीचा तो कागद बरोबर न्यावा. "मोबाईलमुळे दुखतं" एवढे सांगितले तर डॉक्टर फोन कमी पाहा म्हणतील. कोणत्या फोनवर, किती उजेडात, किती मिनिटांनी दुखले आणि कोणत्या रात्री दुखले नाही, हे कागदावर असेल तर त्यांना पुढचा प्रश्न विचारता येतो.